बाण आतच जातो

वर्गात मला बोलता येतं, कारण तिथे निम्मा वेळ फळ्याकडे तोंड असतं. स्टाफरूममध्ये येत नाही. बेंगळुरूत येलहंक्याच्या पुढच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागून वर्ष होत आलं होतं, तरी डबा उघडताना झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून मी जपायची. प्रोबेशन संपायचं होतं.

विभागप्रमुख सर मराठीच. पण आमच्यासारखे नोकरीमागे इथे आलेले नव्हेत, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत मुरलेले. सगळ्यांशी इंग्रजी किंवा कन्नड बोलायचे आणि माझ्याशी मुद्दाम मराठी. "तू आपल्यातली," म्हणायचे. ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला मात्र दर वेळी वाटायचं, आता काहीतरी मागणार.

त्या वेळी अंतर्गत परीक्षेचे पेपर तपासणं चालू होतं. एक प्रश्न असा होता: रोध असलेल्या सरळ तारेतून विद्युतप्रवाह वाहतो आहे, तिच्या पृष्ठभागावर ऊर्जा किती आणि कोणत्या दिशेने वाहते ते काढा. विद्युतक्षेत्र तारेच्या लांबीने, प्रवाहाच्या दिशेने. चुंबकीय क्षेत्र तारेभोवती गोल. दोन्हींचा क्रॉस गुणाकार केला की ऊर्जेच्या प्रवाहाचा बाण मिळतो. सरांनी दिलेल्या उत्तरसूचीत तो बाण तारेतून बाहेर जात होता.

बाहेर नाही, आत जातो. बॅटरीकडून निघालेली ऊर्जा तारेभोवतीच्या क्षेत्रांमधून येते आणि बाजूने तारेत शिरते. तिथे तिची उष्णता होते.

वर्गातल्या बहुतेकांनी सूचीसारखंच लिहिलं होतं, कारण हा भाग सरांनी शिकवला होता आणि वर्गात तसंच सांगितलं होतं. आत म्हणणारी मोजकीच मुलं. त्यांत एक मुलगी होती, शेवटच्या बाकावर बसणारी. माझ्याबरोबर पेपर तपासणाऱ्या सहकाऱ्याने सूचीप्रमाणे तिचे गुण कापले होते. तेवढ्यामुळे तिचे अंतर्गत गुण किमान मर्यादेच्या खाली आले. मर्यादेखाली गेलं की सेमिस्टरच्या परीक्षेला बसता येत नाही. ती सरांकडे जाऊन आली होती आणि सरांनी तिला केबिनबाहेर काढलं होतं. मग ती माझ्याकडे आली. "मॅम, मी चुकले असेन तर कुठे चुकले तेवढं दाखवा," एवढंच म्हणाली.

मी पेपर घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. सहकारी तिथेच कॉफी पीत बसला होता.

"सर, या प्रश्नाची दिशा..."

"बोल की. एवढं घाबरायला काय झालं?"

"बाण आत जायला हवा."

ते हसले. "अगं बाई, तार तापते का नाही? तापून उष्णता कुठे जाते? बाहेर! गीझरची कॉइल बघितली नाहीस काय कधी?"

"उष्णता बाहेर जाते, सर. पण ती तारेत आली कुठून, ते हा गुणाकार सांगतो."

"सरी, सरी. स्वल्प इकडे बघ." 'बरं, बरं, जरा' हे त्यांचं कन्नडातूनच यायचं. त्यांनी माझ्यासमोरच आकृती काढली. तार आडवी, प्रवाह डावीकडून उजवीकडे. तारेच्या वरच्या बाजूला चुंबकीय क्षेत्र कागदातून आपल्याकडे येणारं, म्हणून ठिपका. तिथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग त्यांनी हात उचलला, बोटं विद्युतक्षेत्राच्या दिशेने धरली, ठिपक्याकडे वळवली. अंगठा वर गेला. "बघ. बाहेर."

मी हाताकडे पाहत राहिले. नियम उजव्या हाताचा. सरांच्या उजव्या हातात पेन होतं, आणि वर केलेला हात डावा होता.

मला त्या क्षणी नुसतं हसू आलं असतं तरी चाललं असतं. पण बाहेरच्या बाकावर ती मुलगी बसली होती, हे मला माहीत होतं.

"सर, पेन खाली ठेवा."

सहकाऱ्याने कप टेबलावर ठेवला. सरांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी पेन ठेवलं, उजवा हात आकृतीवर धरला, बोटं वळवली. अंगठा खाली, तारेकडे गेला.

"आकडाही जुळतो," मी म्हणाले. आता थांबता येईना. तारेच्या दोन टोकांमधला व्होल्टेज भागिले लांबी, हे विद्युतक्षेत्र. चुंबकीय क्षेत्र प्रवाहावरून आणि त्रिज्येवरून. गुणाकार काढून तारेच्या सगळ्या बाजूच्या पृष्ठभागाने गुणलं की लांबी, त्रिज्या सगळं कटतं आणि उरतं ते व्होल्टेज गुणिले प्रवाह. जेवढी ऊर्जा दर सेकंदाला उष्णता होते, बरोबर तेवढी. त्यांच्याच कागदावर मी ते मांडलं.

"झालं. एवढंच ना?" सर म्हणाले. "आत लिहिलं त्यांनाही गुण दे, बाहेर लिहिलं त्यांनाही दे. कशाला वाद? तुझी ती पोरगी परीक्षेला बसेल, बाकीचे ओरडणार नाहीत."

"मस्त आयडिया, सर," सहकारी म्हणाला. "मॅडम, हो म्हणा आणि कॉफी घ्या."

मुलीचं काम होत होतं. उठायला हरकत नव्हती.

"बाहेर म्हणजे ती तार उरली नाही, सर. ती बॅटरी झाली," मी म्हणाले. "बॅटरीत विद्युतक्षेत्र प्रवाहाच्या उलट असतं, तिथे बाण बाहेर येतो. मुलांनी तारेलाच बॅटरी म्हटलंय. दोन्ही बरोबर कसं?"

"मी त्यांना तसं शिकवलंय, मग त्यांचा काय दोष?"

"दोष नाही. म्हणून त्यांना पुन्हा शिकवू आणि नवीन टेस्ट घेऊ. गुण मात्र आत लिहिणाऱ्यांनाच मिळतील. तिला दयेचे गुण नकोत, तिचं उत्तर बरोबर आहे."

सर मराठी सोडून इंग्रजीत आले. "तुमचं प्रोबेशन चालू आहे, लक्षात आहे ना?"

"आहे," मी मराठीतच म्हणाले.

मी बाहेर आले ते थेट संगणकावर बसले. सगळे पेपर पुन्हा पाहिले. आत लिहिणाऱ्यांचे गुण वाढवले, बाहेर लिहिणाऱ्यांचे कापले, आणि कारण लिहून परीक्षा विभागाकडे पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी वर्ग पेटला. सरांनी शिकवलेलं चूक कसं, मॅम? आमचे गुण का गेले? मी फळ्याकडे वळले नाही. सगळ्यांचं ओरडून झालं, मग म्हणाले, "शनिवारी पुन्हा टेस्ट आहे. त्याआधी ज्याला बाण बाहेर काढून दाखवायचा असेल त्याने इथे येऊन दाखवावा." दोघे आले. दोघांचाही बाण आत गेला. दुसरा जागेवर जाताना सरांबद्दल काहीतरी पुटपुटला, ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. शेऱ्यात लिहिलं होतं, 'सहकार्याची भावना कमी'. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "गप्प बसायला काय झालं होतं? एरवी तर बसतेस."

ती मुलगी परीक्षेला बसली. आभार मानायला आली नाही, आणि मला ते आवडलं. जे तिचंच होतं त्याचे आभार कसले? ती आली ती एका शंकेसाठी. तारेवर प्लास्टिकचं वेष्टण असलं तरी ऊर्जा बाहेरूनच आत येते का, असं विचारत होती.

"येते," मी म्हणाले. "बस. मांडून बघू."