फ्रेंचच्या खोक्याचे पाच खण

माझी सून बीडच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये पूर्ण वेळ काम करते आणि मुलगा पुण्यात असतो. पुण्यातल्या एका फ्रेंच कंपनीत तिच्यासाठी जागा होती, पण सहा महिन्यांत फ्रेंचची पहिली परीक्षा पास व्हायची अट होती. नाहीतर दोघं आणखी वर्षभर असेच दोन गावांत राहणार होते.

तिने बुटांच्या खोक्यात पुठ्ठे लावून पाच खण केले. रोज आठ नवे शब्द, प्रत्येकाचं एक कार्ड, रविवारी फक्त उजळणी. कार्डाच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला फ्रेंच आणि त्याखाली माझ्यासाठी देवनागरीत उच्चार. पहिला खण रोज विचारायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. बरोबर आलं की कार्ड पुढच्या खणात, चुकलं की परत पहिल्यात. एकटी असली की ती उत्तर आधीच बघायची, म्हणून विचारायचं काम तिने मला दिलं. मी चौथी शिकलेली. चारचौघांत बोलताना माझा आवाज फुटत नाही, पण सकाळी भाकरी थापताना कार्ड समोर उभं करून मी तिला विचारायची.

जाऊ म्हणाली, "कावून गं, म्हातारपणी इंग्रजी शाळा का?"

"फ्रेंच हाय ते," मी म्हणाले आणि लाजून आत गेले.

दुसऱ्या महिन्यात ती लई थकून यायला लागली. खिडकीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते तिला आठवेना. तिचा चेहरा बघून मला दया आली आणि मी ते कार्ड गुपचूप पुढच्या खणात सरकवलं. मग तशी बरीच कार्डं सरकवली. महिनाअखेरीस तिने सगळी कार्डं एकदम घेतली, तर चाळीसेक शब्द तिला येईनात. ती रडली. "माझं डोकंच नाही आई, मी परीक्षेचा फॉर्म भरत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगितलं, "तुझं डोकं ठीक हाय. चूक मी केली, तुला फुकट पास करत होते."

ती आधी रागावली, मग हसली. "आई, मास्तरणीनं कॉपी करू दिली की हो!"

दोन आठवडे एकही नवा शब्द घ्यायचा नाही, असं आम्ही ठरवलं. ते चाळीस पहिल्या खणातून पुन्हा वर चढवले. त्यानंतर मी एकही कार्ड सोडलं नाही. "जवळजवळ बरोबर होतं ना आई!" असं ती म्हणायची आणि मी ते कार्ड पहिल्या खणात टाकायची. शेवटच्या महिन्यात फक्त उजळणी.

ती पास झाली. पुण्याहून मुलाचा फोन आला तेव्हा जाऊ आणि घरचे सगळे तिथेच बसले होते; ती स्पीकर लावून म्हणाली, "शब्द आईंनी करून घेतले माझे, एकेक."

त्या दिवशी मी आत गेले नाही. तिथेच बसून राहिले, सगळ्यांसमोर.