हिरव्यातली हळद

रफूगर मेहरुन्निसाआपांना मी तीस वर्षं ओळखते. शहागंजात त्यांच्या दुकानाला लागूनच माझं ब्लाऊज शिवायचं दुकान. आपा कुणाच्या बापाला घाबरायच्या नाहीत. त्या मंगळवारी मात्र त्या घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडं आल्या.

खिडकीत महिनाभर पडून राहिलेलं हिरव्या धाग्याचं रीळ त्यांनी माझ्यापुढं धरलं. उन्हाकडची बाजू निळी झाली होती, खालची हिरवीच होती.

हाच धागा त्यांनी कन्नड गावच्या आवडाबाईंच्या शेल्यात घातला होता. शेला बाईंच्या आजेसासऱ्यांचा, शंभर वर्षांचा, उंदरानं कुरतडलेला. पदराचा विटकरी लाल मंजिष्ठेच्या मुळीचा, हे आपांनी बघताक्षणी ओळखलं. काठाचा निळा घड्यांवर घासून पांढुरका पडलेला, म्हणजे नीळ. हिरव्याला तेवढी घाई केली. हिरवा म्हणजे निळीवर हळद चढवलेली, असं धरून धागा रंगवला. तो इतका जुळला, की मीच शाबासकी दिली.

"शंभर वर्षं टिकलेला रंग हळदीचा असंल तरी कसा, सुलेखा? हळद उन्हात उडते, हे लेकरालाबी ठाऊक. घडी उघडून बघायची होती. आत-बाहेर एकच हिरवा होता. निळीवर डाळिंबाच्या सालीचा पिवळा असणार तो, उन्हात न उडणारा."

मी म्हटलं, बाईंचा फोन येईपर्यंत गप्प बसा. जुन्या कापडांचं निम्मं काम आवडाबाईंच्याच शब्दावर यायचं. शब्द फिरला तर साठाव्या वर्षी पँटी आखूड करत बसायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ओढतच एसटीत बसवलं.

शेला बैठकीत काचेआड टांगलेला, समोर खिडकी. हिरव्यात रुपयाएवढा निळा डाग दिसला.

आपांनी तोंड उघडायच्या आत आवडाबाईंनीच त्यांचे हात धरले. डोळ्यांत पाणी. "आमचंच चुकलं, आपा. पोरांनी हौसेनं उन्हात टांगला. तुमचं एवढं काम घालवलं. फोन करायची हिंमत नाय झाली."

मी आपांना कोपरानं ढोसलं. देवानं आयतीच वाट काढून दिली होती, फक्त गप्प राहायचं होतं. आपा शेल्याकडं बघत राहिल्या, माझ्याकडं एकदाही नाही.

"बाई, ऊन तर सगळ्या शेल्यावर पडलं," त्या म्हणाल्या. "जुना हिरवा जागचा हलला नाय. उडाला तो माझा. रंग ओळखायला मी चुकले."

आवडाबाईंनी आपांचे हात सोडले. त्या उठल्या, काच सरकवली, शेला उतरवला आणि कितीतरी वेळ तो डाग अंगठ्यानं चाचपत उभ्या राहिल्या.

मग शेला आपांच्या मांडीवर ठेवला.

"उसवा ते, नि पुन्हा तुम्हीच भरा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी मला सांगितलंच नसतं."