मान सोडवणे

माझी सून अरबी शिकलेली आहे. मुलींच्या मदरशात पाच वर्षं काढली, मग लग्नानंतर बाहेरून बसून मराठीत बीए केलं. मी मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले आणि बापाने घरी बसवलं. कुराण मी लहानपणापासून वाचते, पण नुसतं वाचते. अर्थ विचारायचा असतो हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

तिच्या डोक्यात आलं की कुराणाच्या शेवटच्या छोट्या सूरहचं, म्हणजे अध्यायांचं, मराठीत पुस्तक करायचं. आमच्या कल्याणच्या पोरी आता उर्दू वाचत नाहीत. मराठी शाळेत जातात, मराठीतच भांडतात. मशिदीच्या ट्रस्टने सांगितलं, छापू, पण ठाण्याच्या मौलानांनी शेवटच्या पानावर सही केली तर. नाहीतर वही घरात ठेव. तीन वर्षं ती त्या वहीमागे होती, दोन पोरं सांभाळून.

तिची कामाची एक रीत होती. भाषांतर झालं की मला वाचून दाखवायची आणि विचारायची, "अम्मी, काय समजलं?" मी जे बोलेन ते दुसऱ्या वहीत जसंच्या तसं लिहायची. मी "काही कळलं नाही, डोकं खाऊ नको" म्हणाले तर तेही लिहायची. मी तिला विचारलं, "अगं, मी चौथी शिकलेली. मला काय विचारतेस?" ती म्हणाली, "शिकलेले लोक न कळलेलं कळल्यासारखं दाखवतात. तुम्ही दाखवत नाही."

एक दिवस मी कोळंबी सोलत बसले होते. तिने दोन आयतींचं, म्हणजे कुराणातल्या दोन वचनांचं, मराठी वाचलं, "आणि तुला काय माहीत, तो अवघड चढ काय आहे? मान सोडवणे."

मी म्हटलं, "पुढे?"

"पुढे दुसरी आयत. ही एवढीच आहे. फक्कु रकबह. दोन शब्द."

"कोणाची मान? कोणी सोडवली? हे अर्धं वाक्य आहे. पूर्ण कर."

तिने समजावलं. मान म्हणजे गुलाम, अरबीत असंच बोलतात. आणि अरबीतही इथे कोणी सोडवली ते नाही, कधी ते नाही, सोडव असंही नाही. क्रियापदाच्या जागी नुसतं कामाचं नाव ठेवलंय. सोडवणे. बस.

मला ते पटलं नाही. मी म्हटलं, "बाईला घरात काम सांगताना आपण काय म्हणतो? भांडी घास. भांडी घासणे असं म्हणून गप्प बसतो का? लिही, 'गुलामांना मुक्त करा.' सरळ."

ती थोडा वेळ पेन चावत बसली. माझ्या आधी शेजारच्या दोघींनीही तेच सांगितलं होतं. शेवटी तिने खोडून माझं वाक्य लिहिलं. मला बरं वाटलं, उगाच कशाला खोटं बोलू.

मौलानांनी बोलावलं तेव्हा मी तिच्यासोबत गेले. कल्याणहून एसटीने ठाण्यात खोपटला उतरलो, तिथून रिक्षा. मौलाना मदरशातून निवृत्त झालेले, मूळ कोकणातले, माझ्याच वयाचे. मराठीत पुस्तक कशाला, असं त्यांनी आधी दोनदा विचारलेलं. चहा आला. ते एकेक पान वाचत होते, मधे मधे पेन्सिलीने खूण. सून चहाला हात लावत नव्हती.

त्या पानावर ते थांबले.

"बेटी, 'मुक्त करा' हा हुकूम कुठून आणला?"

मी तोंड उघडलं. चूक माझी होती, मी सांगणारच होते. पण ती आधी बोलली, "माझा आहे."

"अरबीत हुकूम आहे?"

"नाही. मस्दर आहे. कामाचं नाव. पण हजरत, काही कारी पठणात तिथे क्रियापद वाचतात. फक्क रकबतन."

मौलानांनी चष्मा काढला. तिला एवढं माहीत असेल असं त्यांना वाटलं नसावं. "ते पठणही खरं आहे. पण तिथे 'त्याने सोडवली' असं होतं. 'सोडवा' तिथेही नाही. आणि आपल्या हातातल्या कुराणात मस्दर आहे. आता सांग, आधीच्या आयतीत काय विचारलंय?"

"चढ काय आहे."

"काय आहे असं विचारलं. तू उत्तरात हुकूम सोडलास. कोणी विचारलं, बाजार कुठे आहे, तर त्याला भाजी आण म्हणशील?"

मला हसू आलं. तिला नाही. तीन वर्षांची वही त्यांच्या मांडीवर उघडी होती.

दुसरी कोणी असती तर रडली असती, नाहीतर "सासूने सांगितलं" म्हणाली असती. ही म्हणाली, "हजरत, दोन मिनिटं द्या. मी घरी जे करते ते इथे करू का?"

आणि माझ्याकडे वळून तिने दोन्ही वाक्यं वाचली. आधी "गुलामांना मुक्त करा". मग "मान सोडवणे".

"अम्मी, काय समजलं?"

परक्या माणसासमोर मी गोड बोलले असते तर तिचं काम झालं नसतं. म्हणून जे होतं ते सांगितलं. "पहिलं ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्याकडे कुठे गुलाम आहेत? ते कोणा श्रीमंताला सांगितलंय असं वाटलं. दुसरं ऐकून मी चिडले होते. कोणाची मान, कोण सोडवणार, काहीच सांगत नाही. पण त्या दिवशी कोळंबी संपेपर्यंत तेच डोक्यात होतं. नंतरही. माझ्या बहिणीच्या सासरची आठवण आली. तिचे हाल दिसत होते, तरी तिला आम्ही तिथेच राहू दिलं होतं."

हे शेवटचं मला बोलायचं नव्हतं. बोलून गेले.

मौलाना मला म्हणाले, "आपा, हे तुम्ही घरी का नाही सांगितलंत?"

"मला कोणी दोन्ही एकत्र वाचून दाखवलं नव्हतं."

ते सुनेकडे वळले. "पुढची आयत वाच."

तिने वाचली. तिथेही तिने माझ्या वाक्याच्या जोडीला "जेवू घाला" केलं होतं. तिने दोन्ही जागी तिथल्या तिथे पेनने बदललं आणि पुन्हा वाचलं, "किंवा उपासमारीच्या दिवशी जेवू घालणे."

"हां," ते म्हणाले. "आता चढ दिसतो. मान म्हणजे गुलाम, हे खाली टीपेत दे. आयतीत घालू नको. आयतीत नाही ते तू भरायचं नाही, तुझं कितीही चांगलं असलं तरी."

"जी."

त्यांनी उरलेली पानं वाचली. तासभर लागला. मग दुसरी वही मागितली, जिच्यात माझं बोलणं होतं. "डोकं खाऊ नको" वाचून ते मोठ्याने हसले आणि आपल्या बायकोला आतून बोलावून दाखवलं. मला जरा लाज वाटली. सही मात्र त्यांनी केली, शेवटच्या पानावर, तारखेसकट.

परत येताना बसमध्ये मी तिला विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुम्ही ऐकणाऱ्या. लिहिणारी मी. निवड माझी होती."

मी माणसांचं कौतुक फारसं करत नाही. पण भर बैठकीत आपली चूक आपली म्हणणारी आणि पुन्हा त्याच माणसासमोर ती तपासायला बसणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. आमच्या घरातल्या पुरुषांत तर नाहीच.

पुस्तक छापून आलं. रविवारच्या बायकांच्या वर्गात तिने ते पान वाचलं. मागे बसलेल्या एका पोरीने लगेच विचारलं, "भाभी, कोणाची मान?"

सून म्हणाली, "खाली टीप आहे, वाच. पण आधी दोन मिनिटं थांब."

मी चपला शोधत उठले होते, ती पुन्हा बसले.