खात्रीबाईंच्या अकरा रिकाम्या ओळी

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे खात्रीबाई म्हणत. कपाटाला कुलूप लावून त्या तीनदा ओढून बघत आणि चौथ्यांदा मला ओढायला लावत. अठरा वर्षं माझं टेबल त्यांच्या शेजारी, आणि अठरा वर्षं मी संशयित.

त्या दिवशी काम नाजूक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आठ तास वीज जाणार होती. घरी श्वासाच्या मशीनवर असलेल्या पेशंटांची यादी चारच्या आत दवाखान्याला द्यायची होती. यादीत असेल त्याच्याच घरी बॅटरी पोचणार. दोनशे चौदा घरांनी पीडीएफ फॉर्म टाइप करून पाठवले होते. मी फॉर्ममधली उत्तरं तक्त्यात उतरवणारा प्रोग्राम चालवला. फॉर्ममध्ये उत्तर टाइप करायच्या प्रत्येक चौकटीला आत एक नाव असतं. त्या नावाचा कॉलम, आणि एका फॉर्मची एक ओळ. दोनशे चौदा फॉर्म, दोनशे चौदा ओळी. मी चहा मागवला.

"अकरा ओळींत फाइलचं नाव सोडून काहीच नाही," बाई म्हणाल्या.

"लोकांनी रिकामेच पाठवले असतील."

त्यांनी त्यातली एक फाइल उघडली. सगळी उत्तरं ठळक दिसत होती. वय एक्याऐंशी. मशीन लागतं का? हो. दिवसरात्र.

"तुम्ही काय पुसलंत?"

माझं डोकंच फिरलं. "मी कशाला पुसू? मला काय मिळणार त्यात?"

त्यांनी कीबोर्ड माझ्यापासून लांब सरकवला. मी रागाने उत्तरावर क्लिक केलं. कर्सर उमटेना. चौकटच नव्हती, नुसतं कागदावर छापल्यासारखं चित्र. प्रोग्राम चौकटीत टाइप केलेलं उचलतो. इथे उचलायला चौकट कुठे होती?

"कोणीतरी मुद्दाम केलंय," म्हणत बाईंनी फॉर्मवरचा नंबर फिरवला. फोन स्पीकरवर होता. त्या एक्याऐंशी वर्षांच्या आजोबांच्या सुनेने उचलला.

"तुम्ही फॉर्मचं काय केलंत?" बाईंनी दरडावलं.

"तुम्हीच सांगितलंत ना ताई, मी फोन केला तेव्हा? तसाच पाठवू नका, प्रिंटमध्ये जाऊन पुन्हा पीडीएफ करा, म्हणजे ऑफिसात कोणी उत्तरं बदलणार नाही. मी तसंच केलं. आमच्या मामंजींची बॅटरी येईल ना?"

तसं केलं की चौकटी जाऊन नुसतं चित्र उरतं. बाईंचा चेहरा पडला. बाकीच्या दहा जणांनीही त्यांनाच फोन केला असणार. मला टोमणा मारायचा होता, अगदी जिभेवर आला होता, पण तो चेहरा पाहून गिळला.

"येईल," त्या हळूच म्हणाल्या.

सव्वातीन वाजले होते. अकरा फॉर्म समोर ठेवून त्यांनी अकराही ओळी हाताने टाइप केल्या. मग कीबोर्ड माझ्याकडे ढकलला.

"आता तुम्ही तपासा," त्या म्हणाल्या. "माझ्यावर सोडू नका."