लाल रंगाचे कोरडे पाइप

आमच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात एक जुनी खोड आहे. कामाला रंग लागला की ते संपलं असं आम्ही धरून चालतो. आत यंत्र फिरतंय का, हे बघायला कुणाला फुरसत नसते.

सेफ्टीबाईंना मात्र ही खोड कधी लागली नाही. अठरा वर्षं त्या कारखान्याच्या सुरक्षा अधिकारी आहेत, आणि मी देखभाल विभागातला, त्यांच्या समोरच्या टेबलावर बसणारा. बाई दिसायला किरकोळ, चालणं तुरुतुरु, आवाज मात्र खणखणीत. त्यांचे यजमान कागदाच्या गोदामाचे सुपरवायझर. घरात काय चालतं देव जाणे, कारखान्यात दोघं एकमेकांशी परक्यासारखे वागतात.

वसंतात विमा कंपनीचा सर्वेक्षक येऊन गेला आणि त्याने सहा शिफारशी धाडल्या. पॉलिसीचं नूतनीकरण जुलैत होतं, त्याआधी लेखी उत्तर हवं होतं. शिफारस, केलेलं काम, तारीख, जबाबदार व्यक्ती, असे रकाने. बाई प्रत्येक शिफारस घेऊन जागेवर जात. गोदामाचा आगरोधक दरवाजा कामगार पाचर ठोकून उघडा ठेवत. ती पाचर त्यांनी काढायला लावली, दार आपोआप मिटतं हे चारदा पाहिलं, मगच 'पूर्ण, ४ जून' लिहिलं. वीज पॅनेलची उष्णता तपासणी झाली, पण सैल निघालेले दोन सांधे आवळून होईपर्यंत तो रकाना कोराच होता. वेल्डिंगची परवाना पद्धत, पंपाची साप्ताहिक चाचणी, जादा अग्निशामक नळकांडी, सगळं असंच. मी कंटाळून जांभया देत असे.

सहावी शिफारस गोदामातल्या स्प्रिंकलरची, म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणाऱ्या पाइपांची. पाइप छताला लटकून सहा महिने झाले होते, लालभडक रंगवलेले. बाईंनी टोकाचा तपासणी व्हॉल्व्ह उघडला. नुसती हवा सुटली.

पाइप पाण्याला जोडलेच नव्हते. असलेल्या टाकीचं पाणी जेमतेम हायड्रंटपुरतं, म्हणजे आग विझवायच्या नळांपुरतं. नवी टाकी हवी, आणि तिच्या पायाच्या जागेखालून मुख्य वीजवाहिनी गेलेली. ती हलवायची तर सगळा कारखाना बंद ठेवावा लागतो, म्हणजे डिसेंबरचा वार्षिक शटडाउन.

बाईंनी लिहिलं : 'पुढे ढकललं. ३१ जानेवारी.' खाली हे कारण, आणि त्याखाली तोपर्यंतची व्यवस्था. कागदाच्या रिळांची थप्पी दोन रिळांपेक्षा उंच नाही, गोदामात वेल्डिंग बंद, दर तासाला फेरी.

मॅनेजरसाहेबांनी कपाळाला हात लावला. त्यांनी बाईंना आणि यजमानांना केबिनमध्ये बोलावलं. पॅनेलची फाइल घेऊन मी आधीच तिथे उभा होतो.

"पाइप दिसतायत की," साहेब म्हणाले. "पूर्ण लिहा. जानेवारीत कोण बघायला येतंय?"

"आग लागली तर येतील," बाई म्हणाल्या. "आणि विमा कंपनी आधी हाच कागद काढेल."

साहेबांनी यजमानांकडे पाहिलं. ते लगेच मान डोलवत म्हणाले, "दोनच रिळांची थप्पी म्हणजे माझं अर्धं गोदाम गेलं. ट्रक कुठे रिकामे करू? अगं, एक शब्द तर लिहायचाय."

अठरा वर्षांत त्यांनी कारखान्यात बाईंना 'अगं' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"अहो, रिळं पाइपांना टेकवून ठेवलीत तुम्ही," बाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "का? तर वरती पाणी आहे, असं तुम्हाला वाटत होतं. मलाही वाटत होतं. सहा महिने रोज सकाळी तुम्ही त्याखाली उभे राहिलात आणि मी इथे निवांत बसले. आता पूर्ण लिहिलं तर उद्या पुन्हा तिथेच उभे राहाल ना?"

साहेब पेपरवेट फिरवत बसले. यजमान खाली बघत होते. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण दार त्या दोघांच्या पलीकडे होतं.

मग साहेबांनी विमा कंपनीला जायचं उत्तराचं पत्र पुढे ओढलं. पहिल्या पाच बाबी वाचल्या, सहावी दोनदा वाचली. "तात्पुरत्या व्यवस्थेला जबाबदार व्यक्ती म्हणून तुमचं नाव आहे, बाई. गोदाम तुमच्या हाताखाली नाही."

"दुसरं कोण घेणार?" बाई म्हणाल्या.

यजमानांनी खिशातून पेन काढलं. बाईंचं नाव खोडून स्वतःचं लिहिलं, शेजारी सही केली, आणि पत्र साहेबांकडे न देता आधी बायकोच्या हातात दिलं.

"नीट वाचून घे," ते म्हणाले. "मी आजच थप्प्या उतरवायला घेतो."

बाईंनी वाचायला कागद डोळ्यांसमोर धरला. तो बराच वेळ खाली आला नाही.