सत्तर अक्षरांतली क्षमा

नेहरू नगरातल्या आमच्या पतसंस्थेत कर्जाच्या हप्त्याची आठवण पूर्वी फोनवरून दिली जाई. सभासद वाढले तशी ती मोबाइलवर एकगठ्ठा संदेशाने जाऊ लागली, आणि संदेशाचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. माझे अक्षर चांगले आणि भाषा मऊ आहे, असे कार्यालयात समजले जाई. त्या समजाचा मला थोडा अभिमानही होता.

सचिवसाहेबांनी एका सकाळी मला बोलावून घेतले. आमचा संदेश दोन भागांत जात होता आणि देयक दुप्पट येत होते.

"देखो भाई, एक में समेटो," ते म्हणाले. "और थोड़ा डर भी रहने दो. बिना डर के किश्त नहीं आती."

आमचा मुलूख हिंदी, म्हणून संदेशही हिंदीत; तो देवनागरीत असेल तर एका भागात सत्तर अक्षरे बसतात. रोमन लिपीत एकशे साठ बसली असती, पण आमचे निम्मे सभासद इथल्या पोलाद संयंत्रातून निवृत्त झालेले. त्यांच्या घरी रोमन वाचायला शेजारच्या मुलीला हाक मारावी लागते. म्हणून देवनागरीच ठेवायची होती. मोजताना कळले की काना, मात्रा, अनुस्वार, मधली जागा, सगळे वेगळे धरले जाते, आणि जोडाक्षर तर पाय मोडल्याचेही एक अक्षर घेते. 'कृपया', 'धन्यवाद' ही आदबीची माणसे फार जागा व्यापतात. मी त्यांना एकेक करून बाहेर काढले. 'भुगतान हो चुका हो तो ध्यान न दें' ही शेवटची ओळही काढली. उरले ते असे: रक्कम, तारीख, 'तक जमा करें, अन्यथा कार्यवाही होगी' आणि 'समिति' हे आमचे नोंदलेले लघुनाव. साहेब खूष झाले. मजकूर मोबाइल कंपनीच्या नोंदणी पोर्टलवर मंजूर झाला. एकदा मंजूर झाला की रकमेची आणि तारखेची रिकामी जागा सोडून त्यातला शब्दही हलवता येत नाही. हलवला तर संदेश वाटेतच अडतो.

काढून टाकलेली ती शेवटची ओळ केवळ आदब नव्हती, हे मला ठाऊक असायला हवे होते. संदेशाची यादी आदल्या संध्याकाळी निघते. त्यानंतर खिडकीवर जो रोख भरतो, त्याचे नाव यादीत तसेच राहते.

जवळच्या कुरुदला राहणारे एक काकाजी असे भरणाऱ्यांपैकी. माझ्या वडिलांबरोबर भंडाऱ्याकडून आलेले, संयंत्रात कोक ओव्हनच्या भट्टीवर आयुष्य काढलेले. बँकेतून आपोआप हप्ता कापून घ्या, असे मी त्यांना कितीदा सांगितले. पण स्वतःच्या हाताने नोटा द्यायच्या आणि शिक्का मारलेली पावती खिशात घालायची, ही त्यांची रीत. निवृत्त असूनही ते माझ्या घरकर्जाला जामीन होते, कारण त्यांची मोठी ठेव आमच्याकडे होती.

त्या महिन्यात ते सकाळी हप्ता भरून गेले आणि दुपारी पावती घेऊन परत आले.

"हे तूच लिवलं ना?" मोबाइल माझ्यासमोर धरून त्यांनी विचारले.

"हो काकाजी. पण तुमच्यासाठी नव्हतं. यादीत..."

"माह्या फोनवर आलं, अन् माह्यासाठी नव्हतं? सुनेनं वाचून दाखवलं. व्याही बसून होते. काय कारवाई करतो, तो सांग. मी भट्टीत उभा राहिलेला माणूस आहो, मले तुही आंच नाही लागत. पण व्याह्याले लागली."

खिडकीपाशी उभे असलेले दोघे हसले. काकाजी हसले नाहीत. त्यांनी सभासदत्व सोडण्याचा अर्ज लिहून आणला होता. मी तो वाचला. नियम असा, की जामीनदार निघायचा असेल तर कर्जदाराने दुसरा आणावा, नाहीतर उरलेले कर्ज एकदम फेडावे. आणि दुसरा मिळेपर्यंत निघणाऱ्याची ठेवही अडकून राहते.

"म्हणजे मी जाऊ बी शकत नाही?" त्यांनी विचारले. "तुह्यासाठी?"

"दुसरा जामीन मिळेपर्यंत, काकाजी."

"मंग शोध. कावून थांबून राहिला?"

मी शोधला. सोबतचे कर्मचारी आधीच एकमेकांचे जामीनदार होते. पावर हाउसच्या बाजारात दुकान असलेल्या मेहुण्याला विचारले, तेव्हा त्याने चहा मागवला आणि विषय बदलला. घरी बायको म्हणाली, "तुमी काकाजींच्या घरी जा अन् पाय धरा." मी म्हणालो, पाय धरून काय सांगू? पुढच्या महिन्यातही तोच संदेश जाणार आहे. माझ्याच मजकुराने मला असे कोंडले होते, की त्यातून निघायला मजकूरच बदलायला हवा होता.

मी पुन्हा मोजायला बसलो. धमकी आणि क्षमा दोन्ही सत्तरात मावत नव्हत्या. एकीला जावे लागणार होते. शेवटी हे बसले:

'सदस्य जी, ₹12500 की किस्त 10/12 तक दें। दे दी हो तो क्षमा करें। -समिति'

रक्कम पाच आकडी आणि तारीख पूर्ण दोन-दोन अंकी धरली तरी बरोबर सत्तर. त्याहून मोठा हप्ता आमच्याकडे नव्हता.

साहेब वाचून म्हणाले, "इसमें डर कहाँ है?"

"डर से ठेव निकल रही है साहेब," मी म्हणालो. "एक बड़ी ठेव का अर्ज टेबल पे है."

ते विचारात पडले आणि त्यांनी सही केली. तो अर्जदार माझा जामीनदार आहे, हे मी सांगितले नाही. जे सांगितले ते खोटे नव्हते. पण मी सौजन्याची बाजू मांडत होतो की माझ्या घराची, हे मला आजही नेमके सांगता येत नाही.

नवा मजकूर मंजूर व्हायला दिवस लागणार होते आणि मधेच आठवण पाठवायची तारीख आली. त्या खेपेला मी यादी आदल्या संध्याकाळी काढली नाही; खिडकी बंद झाल्यावर भरणा जुळवून, भरलेल्यांची नावे हाताने वगळून पाठवली. साहेबांनी उशिराबद्दल सुनावले. दर महिन्याला हे जमणारे नव्हते.

त्याच्या पुढच्या महिन्यात मजकूर मंजूर झाला होता आणि यादी पुन्हा आदल्या संध्याकाळीच निघाली. काकाजी नेहमीप्रमाणे सकाळी रोख भरून गेले, माझ्याकडे न बघता. दुपारी संदेश सुटले. थोड्या वेळाने माझा फोन वाजला.

"सुनेनं वाचलं," काकाजी म्हणाले. "'क्षमा करें' म्हणते तुही समिती."

"हो काकाजी."

"सांगून दे तिले, केली म्हणून."

मग मी विचारले, "अर्ज परत नेता का? मी घेऊन येतो कुरुदला."

"राहू दे तिथंच." ते म्हणाले. "मी काही जोर लावून राहिलो नाही. पण राहू दे. तुले लिवताना आठवण राहीन."

अर्ज माझ्या खणात आहे. त्यावर तारीख नाही, म्हणून तो अजून जिवंत आहे. ते मनात आणतील त्या दिवशी मला नवा जामीन शोधावा लागेल. दर महिन्याला संदेश सुटला की फोन येतो, "केली," एवढेच ते म्हणतात आणि ठेवून देतात. तो फोन येईपर्यंत मी जागेवरून उठत नाही.