अनुश्री मॅडमचा श्वास

नर्मदाबाई लेकराच्या उघड्या पोटाकडे बघत बसल्या की त्या घरात कुणी बोलत नसे. गावात सरकारी आरोग्याचं काम बघणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या कामातलंच हे एक काम. बाळंतिणीच्या घरी जायचं, लेकरू शांत निजलेलं असताना हातातल्या घड्याळाकडे एक डोळा ठेवायचा आणि पोटाची वरखाली पुरतं एक मिनिट मोजायची. साठ किंवा त्याच्या वर गेली तर लेकराला दवाखान्यात न्यायचं. वसमतकडच्या हट्टा गावाच्या अलीकडच्या त्या गावात नर्मदाबाई हे काम सतरा वर्षं करत होत्या. सवय अशी मुरली होती की एसटीत शेजारी बसलेल्या बाईचे, देवळात जप करणाऱ्या म्हाताऱ्याचे श्वाससुद्धा त्यांच्याकडून नकळत मोजले जात.

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. लेक दिपा नांदेडला दिलेली. घरात त्या, एक देव्हारा आणि सरकारी माहिती भरण्यापायी घ्यावा लागलेला मोठा फोन.

त्या फोनवरच एका सकाळी तो व्हिडिओ आला. कोटातला माणूस बातम्या सांगतात तसा बोलत होता. कृत्रिम बुद्धिमत्तेचं एक यंत्र निघालंय, ते शेअर बाजारात आपल्या वतीनं खरेदी-विक्री करतं, त्याला चूक होतच नाही, नफ्याची हमी आहे, पहिल्यांदा फक्त एकवीस हजार भरायचे. बोलताना त्याचे ओठ शब्दांच्या जरासे मागे राहत होते. नर्मदाबाईंना वाटलं, गावातलं नेटवर्क. खाली शंभर-दीडशे लोकांनी लिहिलं होतं, माझं घर झालं, माझी गाडी आली. नेमकं त्याच आठवड्यात त्यांचं थकलेलं मानधन एकदम जमा झालं होतं. त्यांनी खालच्या जागी नाव आणि नंबर भरला.

दहा मिनिटांत फोन आला.

"नमस्कार नर्मदाताई, मी अनुश्री बोलते. तुमची खाते व्यवस्थापक."

आवाज पोरीचा, गोड, शहरातला. तिनं व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवली, ॲप कसं टाकायचं ते बोट धरून शिकवल्यासारखं एकेक करून सांगितलं. ॲपनं फोनमधले सगळे नंबर बघण्याची परवानगी मागितली, ती "द्या" म्हणाली, यांनी दिली. पैसे एका कुठल्याशा ट्रेडर्सच्या खात्यावर गेले. आणि संध्याकाळी दिवा लावून नर्मदाबाई फोन उघडून बसल्या, तर तिथं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं, बावीस हजार तीनशे.

त्या दिवसापासून आकडा वाढतच राहिला. एकदाही खाली आला नाही. रविवारी वाढला. नागनाथाच्या दर्शनाला औंढ्याला गेल्या, रांगेत उभ्या असताना वाढला. एकदा त्यांनी भीत भीत दीड हजार काढून बघितले, तर ते खरोखरच बँकेत आले. मग भीती गेली.

अनुश्री रोज चार वाजता फोन करायची. आधी पैशाची दोन वाक्यं बोलायची, मग इकडचं तिकडचं. गुडघा कसा आहे, दिपाताईंचा फोन आला का, आज किती बाळंतिणी बघितल्या. नर्मदाबाईंनी सोमवारचा उपास सांगितला तर म्हणाली, माझाही सोमवार असतो. चार वाजले की नर्मदाबाई आपोआप उंबऱ्याशी येऊन बसत. दीड महिना असा गेला. एक गोष्ट मात्र त्यांच्या उशिरा ध्यानात आली. पहिल्या दिवशी ही पोरगी "नाही" म्हणायची. आता ती "न्हाई" म्हणायला लागली होती.

"काहून गं, तू कुठली?" त्यांनी विचारलं होतं.

"तुमच्याकडचीच की ताई."

गावात प्रतिक्षा बाळंत झाली होती. तिच्या घरी चौदाव्या दिवशीच्या भेटीला गेल्यावर लेकराचं वजन करून झालं, आणि नर्मदाबाईंनी फोन काढून तो हिरवा आकडा दाखवला. एक्याऐंशी हजार. प्रतिक्षाची सासू गंगूताई पदराला हात पुसत जवळ आली. नुकतीच त्यांची हळद वसमतला विकली गेली होती.

"नर्मदा, हे खरंय का गं?"

"दीड हजार हातात आले माझ्या. आता खोटं कसं म्हणू?"

"मंग आमाला बी लावून दे. तू म्हनलीस म्हंजी झालं. तुझ्याच शब्दावर सुनेला दवाखान्यात नेली, न्हाईतर मी घरीच करणार होते बाळंतपण."

"म्हातारीला आता शेअर बाजार पायजे," प्रतिक्षा हसत म्हणाली. "काल रिचार्ज मारायला मला उठवलं हिनं."

सोमवार चांगला, सोमवारी पन्नास हजार भरू, असं ठरलं. अनुश्रीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "गंगूताईंना माझा नमस्कार सांगा." नर्मदाबाईंनी सांगितलासुद्धा.

शुक्रवारी नर्मदाबाईंनी घरावरचे पत्रे बदलायला चाळीस हजार काढायचं ठरवलं. बटण दाबलं तर पैसे आले नाहीत, अनुश्रीचा फोन आला. चार वाजायला अजून वेळ होता.

"ताई, आधी नफ्यावरचा कर भरावा लागतो. सोळा हजार दोनशे. भरले की सगळे पैसे मोकळे."

"त्यातूनच कापून घे की."

"तसं होत न्हाई ताई. नियम हाय." आणि ती समजावून सांगू लागली. खूप वेळ सांगत राहिली. नर्मदाबाई नुकत्याच एका घरून लेकरू बघून आल्या होत्या, घड्याळ अजून हातात होतं, फोन स्पीकरवर गुडघ्यापाशी ठेवलेला. कान बोलण्याकडे होता, डोळे सेकंदाच्या काट्याकडे गेले.

काटा एक फेरी फिरून आला. अनुश्री बोलतच होती. काटा दुसऱ्या फेरीला लागला.

नर्मदाबाईंनी मोजलेला आकडा शून्य होता.

ऊन तसंच अंगणात पडलं होतं. समोरच्या घरी कुणीतरी भांडी घासत होतं. मृत जन्मलेल्या लेकरापाशी एकदा त्या अशाच बसल्या होत्या, पुरतं मिनिटभर, आणि नंतर आणखी एक मिनिट.

"अनुश्री," त्या हळूच म्हणाल्या, "तू श्वास घेत न्हाईस."

फोन गप्प झाला. तीन सेकंद असेल, चार असेल. मग पलीकडून श्वास ऐकू आला. लांब, मोकळा, अगदी माणसाचा.

"घेते की ताई," अनुश्री म्हणाली. पुन्हा श्वास. "असं काय बोलता." पुन्हा श्वास.

नर्मदाबाईंनी मोजले. दर चार सेकंदांनी एक. ना कमी, ना जास्त. निजलेल्या लेकराचासुद्धा कधी अडखळतो, मध्येच दोन घाईघाईनं येतात, मग एक लांब. हे सगळे एका मापाचे होते. त्यांनी फोन कापला, ओट्यावर उपडा ठेवला, देव्हाऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. तोंडातून देवाचं नाव निघेना. मग चपला घातल्या आणि वसमतची जीप पकडली.

पोलीस ठाण्यात प्रेमसिंग नावाचे हवालदार होते. त्यांनी सगळं ऐकलं, मध्ये एकदाही हसले नाहीत. एकोणीसशे तीस या सायबर फसवणुकीच्या नंबरवर फोन लावून तक्रार लिहून घेतली, तक्रारीचा नंबर दिला.

"मावशी, ते एक्याऐंशी हजार कुठंच न्हाईत. ते नुसतं चित्र हाय. आकडा त्यायच्या मनानं चढतो. दीड हजार दिले ते तुमचेच तुमाला दिले, इस्वास बसावा म्हणून. कर बिर काही नसतो असा, भरला असता तर आणखी काहीतरी निघालं असतं."

"आन् एकवीस हजार?"

"ते खातं परमुलखातलं हाय. त्याच दिवशी रिकामं झालं असंल. लवकर आल्या असत्या तर गोठवलं असतं. बघू, पण मी खोटी आशा न्हाई लावणार."

"आन् ती पोरगी? माणूस हाय का न्हाई ती?"

प्रेमसिंगांनी पेन खाली ठेवलं. "माणूस मागं कुठंतरी असंलच की. बोलायला मात्र आता मशीन बोलते. ॲपला नंबर बघू दिले का तुमी?"

"दिले."

"कुणाकुणाचे होते?"

गावातल्या प्रत्येक घराचे होते. गरोदर बायांचे, बाळंतिणींचे, टीबीच्या गोळ्या चालू असलेल्यांचे. कुठल्या घरी कोण, नावापुढं लिहून ठेवलेलं.

"तर सांगून ठेवा सगळ्यायला," प्रेमसिंग म्हणाले. "ते तुमचं बोलणं बी साठवून ठेवत असत्यात."

गावात परतल्यावर नर्मदाबाई घरी गेल्याच नाहीत. थेट गंगूताईकडे निघाल्या. सांगायचं काय ते वाटेत ठरवत होत्या. आधी आपली चूक सांगायची. मी फसले, तुमाला बी त्यात ओढणार होते. सतरा वर्षं जी बाई सांगेल तो डोस लोकांनी लेकरांना दिला, तिनं हे तोंडानं सांगायचं होतं.

दार उघडं होतं. प्रतिक्षा आत लेकराला घेऊन बसली होती. गंगूताई दाराकडे पाठ करून उभी, फोन कानाला, दुसऱ्या हातात बँकेचं पासबुक.

"व्हय, व्हय," ती फोनवर म्हणत होती. "सोमवारी काहून थांबायचं, आजच करते. तू म्हनतीस तर आजच."

"गंगूताई," नर्मदाबाईंनी उंबऱ्यातून हाक मारली.

गंगूताई वळली. तिनं नर्मदाबाईंकडे बघितलं. मग कानावरचा फोन काढून त्याच्याकडे बघितलं. मग स्पीकर चालू केला.

"...गुडघा लई दुखायलाय, न्हाईतर मीच आले असते घरी," फोन बोलत होता. "तुमी पैसे भरून टाका गंगूताई. दिपाची शपथ, एक रुपया जायचा न्हाई."

तो नर्मदाबाईंचा आवाज होता. तोच थोडा बसलेला घसा, वाक्याच्या शेवटी तसंच खाली उतरणं. उंबऱ्यात उभ्या असलेल्या नर्मदाबाईंनी नकळत आपल्या गळ्याला हात लावला, तो हलत नाही ना हे बघायला.

प्रतिक्षानं लेकरू छातीशी ओढून घेतलं.

गंगूताईनं फोन तोंडाजवळ धरला. "नर्मदा तर माझ्या दारात उभी हाय. तू कोन?"

फोन जरासा थांबला.

"गंगूताई, नर्मदा मी हाय," तो शांतपणे म्हणाला. "दारात कोन हाय ते नीट बघा."

आणि गंगूताईनं बघितलं. एकदाच, वरून खालपर्यंत, बिनओळखीच्या बाईकडे बघावं तसं. नर्मदाबाईंना काही बोलायचं होतं. पण तोंड उघडलं तर तोच आवाज निघणार होता.

गंगूताईनं फोन बंद केला. पासबुक कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं, कपाटाला कडी घातली. मग दारापर्यंत चालत येऊन नर्मदाबाईंचं मनगट हातात धरलं, घट्ट, दुखेल इतकं.

"आत ये," ती म्हणाली. "दारात उभी राहू नको. आत येऊन बस आन् मला सगळं सांग."

नर्मदाबाई सांगू लागल्या. गंगूताईनं शेवटपर्यंत मनगट सोडलं नाही.